भाडेवाढीचा फेरविचार करावा म्हणून घरमालकाला पत्र : जवळपासच्या भाड्यांचा दाखला कसा द्यावा

भाडेवाढ कमी करून मागणारी बहुतेक पत्रे एकाच कारणाने निष्फळ ठरतात. त्यांत "आजूबाजूला याहून कमी भाडे आहे" असे विधान असते, पण ती घरे कोणती, त्यांचे भाडे कधी ठरले, त्यात मेंटेनन्स धरला आहे की नाही आणि अनामत किती आहे, याचा पत्ता नसतो. घरमालक त्याच दिवशी संकेतस्थळावरची दोन महागडी घरे दाखवतो आणि विषय संपतो. ही चूक पत्राच्या भाषेत नसून पत्राआधीच्या तयारीत असते, म्हणून या लेखातील निम्म्याहून अधिक टप्पे पत्राला हात लावण्यापूर्वीचे आहेत.

पुढील विवेचन महाराष्ट्रातील नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराचे आहे. उदाहरणासाठी पुण्यातील कोथरूड भागातला एक फ्लॅट कल्पिला आहे. तो 2 बीएचके असून त्याचे कार्पेट क्षेत्र 640 चौरस फूट आहे. इमारतीला लिफ्ट आहे, एका गाडीचे पार्किंग आहे आणि घरात कपाटे, पंखे व स्वयंपाकघरातील ट्रॉल्या एवढेच सामान आहे. भाडे 26,000 रुपये, अनामत 75,000 रुपये आणि सोसायटीचा मेंटेनन्स मालकाकडे आहे. 11 महिन्यांचा करार 31 ऑक्टोबरला संपतो आणि मालकांनी 1 नोव्हेंबरपासून 31,000 रुपये मागितले आहेत, म्हणजे सुमारे 19 टक्के वाढ. यातील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. आपल्या पत्रात आपल्या परिसरातून गोळा केलेलेच आकडे घालावेत.

## टप्पा 1 : आधी स्वतःचा करारनामा वाचावा

करारात भाडेवाढीचे कलम आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. 22 किंवा 33 महिन्यांच्या करारात बहुधा पहिल्या 11 महिन्यांनंतर भाडे किती टक्क्यांनी वाढेल हे लिहिलेले असते. करार चालू असताना मालक त्याहून अधिक मागत असतील, तर जवळपासच्या भाड्यांचा दाखला देण्याची गरजच नाही. संबंधित कलमाचा क्रमांक देऊन दोन ओळींचे पत्र पुरते. अशा वेळी शेजारच्या घरांची तुलना मांडणे उलट अंगाशी येते, कारण ठरलेली गोष्ट पुन्हा चर्चेला खुली आहे असे आपणच मान्य केल्यासारखे होते.

करार संपत असेल, तर परिस्थिती वेगळी असते. लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदतीनंतर त्याच घरात राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही आणि नवा करार दोघांच्या संमतीनेच होतो. म्हणून हे पत्र विनंतीचेच असावे लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपूनही घर रिकामे केले नाही, तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. वाटाघाट चालू असल्याने आपण तेथे राहू शकतो, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

इशारा : याच अधिनियमाच्या कलम 11 मधील वर्षाला 4 टक्के वाढीची तरतूद अनेकजण पत्रात लिहितात. ती कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूंच्या घरांसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सचा नवा करार करताना तिचा आधार मिळत नाही आणि मालकाने वकिलाला विचारले, की उरलेल्या पत्राचेही वजन जाते.

## टप्पा 2 : वेळ ठरवावी

पत्र करार संपण्यापूर्वी सुमारे 45 ते 60 दिवस मालकांच्या हाती पडावे. आपल्या उदाहरणात ती मुदत सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांची आहे. त्याहून उशीर झाला, तर नकार आल्यावर दुसरे घर पाहायला वेळ उरत नाही आणि हे मालकालाही कळते. मालकांनी तोंडी वाढ सांगितली असेल, तर त्या बोलण्यात होकार किंवा नकार काहीही न देता "लेखी कळवतो" एवढेच म्हणावे. फोनवर एकदा "ठीक आहे" म्हटल्यावर नंतर पाठवलेले पत्र शब्द फिरवल्यासारखे वाटते.

तयारीसाठी साधारण दोन आठवडे धरावेत. म्हणजेच ऑगस्टच्या शेवटी माहिती गोळा करायला बसावे.

## टप्पा 3 : तुलनेची घरे शोधावीत

दाखल्यांची ताकद सारखी नसते. सर्वांत भक्कम दाखला नोंदणी झालेल्या कराराचा, कारण तेथे दोन माणसांनी प्रत्यक्ष मान्य केलेला आकडा असतो. त्याखालोखाल शेजाऱ्याने स्वतः सांगितलेले भाडे येते. जाहिरातीतील भाडे सर्वांत शेवटी येते, कारण ती केवळ मागणी असते आणि तिच्यातून किती उतरले हे बाहेर कळत नाही.

नोंदणीकृत करार शोधण्यासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाची विनामूल्य शोधसेवा `freesearchigrservice.maharashtra.gov.in` या पत्त्यावर आहे. तेथे वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक भरून दस्तांची यादी मिळते आणि प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदणीतील गोषवारा, पाहता येते. येथे अडखळण्याचे नेहमीचे ठिकाण म्हणजे मिळकत क्रमांक. इमारतीचे नाव टाकून शोधणारे रिकाम्या हाताने परततात. त्याऐवजी आपल्याच कराराची सूची क्रमांक 2 समोर ठेवावी, तिच्यात सर्व्हे क्रमांक व हिस्सा कसा लिहिला आहे ते पाहावे आणि तोच क्रमांक शोधात टाकावा. त्याच सर्व्हे क्रमांकातील शेजारच्या इमारतीही मग यादीत येतात. यादीतून लिव्ह अँड लायसन्सचे, गेल्या सहा-आठ महिन्यांत नोंदलेले दस्त वेगळे काढावेत आणि प्रत्येकातून नोंदणीची तारीख, क्षेत्रफळ, भाडे, अनामत व मुदत टिपून घ्यावी.

या नोंदींत एक मेख असते. काही मालक मेंटेनन्सची किंवा फर्निचरची रक्कम करारातील भाड्याबाहेर वेगळी घेतात. म्हणून नोंदीतला आकडा कमालीचा कमी दिसला, तर त्या घरातल्या भाडेकरूशी किंवा सोसायटीतील ओळखीच्या माणसाशी बोलल्याशिवाय तो पत्रात घालू नये.

किती घरे घ्यावीत? माझ्या मते तीन पुरेत. मात्र ती अर्ध्या किलोमीटरच्या आत, त्याच प्रकारच्या इमारतीत आणि तितक्याच खोल्यांची असावीत. दहा घरांची यादी वाचणाऱ्याला थकवते आणि त्यांतली दोन-तीन विसंगत निघाली, की बाकीचीही संशयास्पद ठरतात.

तपासणी : निवडलेल्या घरांत मालकाच्या बाजूने जाणारे एखादे उदाहरण आपण सोयीने वगळले आहे का? कोपऱ्यावरच्या नव्या टॉवरमध्ये 2 बीएचके 33,000 ला गेला असेल, तर मालकांना तो ठाऊक असणारच. तो लपवण्यापेक्षा तो तुलनेत का बसत नाही, हे पत्रातच एका वाक्यात सांगावे.

## टप्पा 4 : सर्व भाडी एका पातळीवर आणावीत

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा वगळला जातो आणि पत्राचे खरे बळ येथेच असते. दोन घरांचे भाडे सरळ शेजारी मांडून चालत नाही. शेजारचे घर आपल्या घरासारखे असते, तर त्याचे भाडे किती झाले असते, असा प्रश्न विचारावा लागतो. आपल्या उदाहरणातील तीन घरांवरून हे पाहू.

पहिले घर आपल्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, 640 चौरस फुटांचे आहे. त्याचा करार जूनमध्ये 27,000 रुपयांना नोंदला गेला. अनामत 1,00,000 रुपये आहे, मेंटेनन्स मालकाकडे आहे, पण पार्किंग नाही. येथे दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. त्या भाडेकरूने आपल्यापेक्षा 25,000 रुपये जास्त अनामत अडकवली आहे. मुदत ठेवीचा दर 7 टक्के धरला, तर त्याचे वर्षाला 1,750 आणि महिन्याला साधारण 150 रुपये व्याज बुडते. तोही त्याच्या घराचा खर्चच, म्हणून ते मिळवायचे. परिसरात पार्किंगची जागा महिना 1,000 रुपयांनी मिळत असेल, तर तेही मिळवायचे, कारण आपल्याला ती सोय आहे आणि त्याला नाही. अशा रीतीने 27,000 चे 28,150 होतात.

दुसरे घर शेजारच्या इमारतीत 600 चौरस फुटांचे, पार्किंगसह, 75,000 अनामतीवर आहे. नोंदीत भाडे 24,500 दिसते, पण 1,800 रुपये मेंटेनन्स भाडेकरू भरतो. म्हणजे त्याचा खरा खर्च 26,300 रुपये, चौरस फुटाला सुमारे 43.83 रुपये. 640 चौरस फुटांना हाच दर लावला, तर साधारण 28,050 रुपये होतात. नोंदीतला 24,500 हा आकडा पाहून हरखणारा भाडेकरू याच ठिकाणी फसतो. मालकाने मेंटेनन्सचा प्रश्न विचारला, की त्याच्याजवळ उत्तर नसते.

तिसरे घर जाहिरातीतले आहे. क्षेत्रफळ तेवढेच, मागणी 30,000, अनामत 1,00,000, मेंटेनन्स भाड्यातच आणि पार्किंगही आहे. मात्र पलंग, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी असे पूर्ण सामान आहे. तेवढेच सामान भाड्याने घ्यायला महिना 3,000 रुपये पडतात असे चौकशीत कळले, तर ते वजा करून आणि अनामतीचे 150 मिळवून 27,150 रुपये उरतात. ही केवळ मागणी आहे, हे पत्रात स्पष्ट लिहावे.

तीनही आकडे 27,150 ते 28,150 या पट्ट्यात आले. दुरुस्त्यांनंतर आकडे असे जवळजवळ आले, तर निवड योग्य झाली असे समजावे. त्यांत पाच-सहा हजारांचे अंतर राहिले, तर एखादे घर मुळातच वेगळ्या जातीचे आहे किंवा एखादी माहिती चुकीची मिळाली आहे.

इशारा : क्षेत्रफळाची तुलना कार्पेटशी कार्पेट अशीच करावी. जाहिरातींत अनेकदा बिल्ट-अप किंवा सुपर बिल्ट-अप आकडा असतो आणि तो कार्पेटपेक्षा बराच मोठा असतो. कोणते क्षेत्र आहे हे कळत नसेल, तर ते घर सोडून द्यावे.

## टप्पा 5 : मागायचा आकडा आणि मनातली मर्यादा ठरवावी

"वाढ थोडी कमी करावी" अशी विनंती करू नये, कारण मालक 500 रुपये कमी करून ती मान्य केल्याचे सांगू शकतो. पत्रात एकच नेमका आकडा असावा आणि तो आपण मांडलेल्या पट्ट्यातलाच असावा. आपलेच पुरावे 28,000 च्या आसपास जात असताना "दरवर्षी 5 टक्केच वाढते" म्हणून 27,300 मागितले, तर तो आकडा पट्ट्यात बसत असूनही त्याचे कारण आपल्या तुलनेतून येत नाही, रिवाजातून येते, आणि रिवाजावर वाद घालता येतो.

आपल्या उदाहरणात 27,500 रुपये मागावेत आणि 28,000 ही मर्यादा मनात ठेवावी. ती पत्रात लिहू नये. नोंदीतील दोन्ही घरांपेक्षा 27,500 थोडे कमी आहेत, म्हणून त्या फरकाचे कारण देणे भाग आहे. कारण असे, की राहता भाडेकरू कायम राहिल्यास मालकांना नवा माणूस शोधावा लागत नाही, दलाली व रंगकाम वाचते आणि घर रिकामे राहत नाही. 27,500 आणि 28,000 यांतला 11 महिन्यांचा फरक 5,500 रुपये होतो. 28,000 भाड्याचे घर केवळ सहा दिवस रिकामे राहिले, तरी तेवढे उत्पन्न जाते. हा हिशेब स्वतःला ठाऊक असावा. पत्रात मात्र तो सौम्यपणे सुचवावा, नाहीतर त्याला धमकीचा वास येतो.

## टप्पा 6 : पत्र लिहावे

क्रम असा ठेवावा : कराराचा संदर्भ, मालकांची मागणी, तुलना, आपला आकडा, त्याचे कारण आणि शेवटी उत्तराची तारीख. पत्र एका पानात बसावे. शेजारच्या भाडेकरूंची किंवा मालकांची नावे नोंदीत दिसत असली, तरी पत्रात लिहू नयेत. इमारत, मजला आणि नोंदणीचा महिना पुरेसा आहे. आपल्या घरातल्या अडचणी, पगार, मुलांची फी यांचा उल्लेखही टाळावा. त्या खऱ्या असल्या, तरी त्यांचा घराच्या बाजारभावाशी संबंध नसतो आणि त्या लिहिल्या, की तुलनेकडे लक्ष राहत नाही.

नमुना पुढीलप्रमाणे :

> दिनांक : 5 सप्टेंबर
>
> प्रति,
> माननीय श्री. ________ यांस,
>
> विषय : सदनिका क्र. ____ च्या प्रस्तावित भाड्याचा फेरविचार करण्याबाबत विनंती.
> संदर्भ : लिव्ह अँड लायसन्स करार, दस्त क्र. ____, मुदत 31 ऑक्टोबरपर्यंत.
>
> सविनय नमस्कार.
>
> आपल्या सदनिकेत आम्ही वरील करारान्वये राहत असून, करार नूतनीकरण करून येथेच राहण्याची आमची इच्छा आहे. आपण 1 नोव्हेंबरपासून मासिक भाडे 26,000 रुपयांवरून 31,000 रुपये करण्याचे सुचवले आहे. भाडे काही प्रमाणात वाढणे आम्हांलाही मान्य आहे. मात्र जवळच्या समान सदनिकांची भाडी पाहता सुचवलेली रक्कम अधिक वाटते, म्हणून पुढील माहिती आपल्या विचारार्थ सादर करीत आहोत.
>
> 1. आपल्याच इमारतीत, पहिला मजला, 640 चौ. फूट, पार्किंग नाही. जूनमध्ये नोंदणीकृत भाडे 27,000 रुपये, अनामत 1,00,000 रुपये. पार्किंग व अनामतीतील फरक धरून आपल्या सदनिकेशी तुल्य भाडे सुमारे 28,150 रुपये.
> 2. शेजारची इमारत, 600 चौ. फूट, पार्किंगसह. नोंदणीकृत भाडे 24,500 रुपये आणि भाडेकरूने भरावयाचा मेंटेनन्स 1,800 रुपये. क्षेत्रफळाच्या प्रमाणात तुल्य भाडे सुमारे 28,050 रुपये.
> 3. त्याच रस्त्यावरील पूर्ण फर्निचर असलेली सदनिका, 640 चौ. फूट, जाहिरातीतील मागणी 30,000 रुपये. फर्निचर व अनामतीतील फरक धरून तुल्य भाडे सुमारे 27,150 रुपये. ही मागणीची रक्कम आहे, ठरलेल्या भाड्याची नाही.
>
> कोपऱ्यावरील नव्या संकुलात अधिक भाडे आहे, याची आम्हांला कल्पना आहे. तेथे जिम, क्लब हाऊस व जनरेटर या सुविधा असल्याने ती तुलना येथे धरलेली नाही.
>
> वरील माहितीच्या आधारे 1 नोव्हेंबरपासून 11 महिन्यांसाठी मासिक भाडे 27,500 रुपये, आणि अनामत व इतर अटी पूर्वीप्रमाणेच ठेवाव्यात, अशी नम्र विनंती आहे. आजवर भाडे वेळेवर दिले गेले आहे आणि नूतनीकरण झाल्यास आपल्याला नवा भाडेकरू शोधण्याची व मधल्या काळात घर रिकामे ठेवण्याची गरज पडणार नाही. सूची क्रमांक 2 च्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
>
> आपला निर्णय 20 सप्टेंबरपर्यंत कळवल्यास पुढील व्यवस्था करणे सोयीचे होईल. प्रत्यक्ष भेटून बोलणे आपल्याला सोयीचे असल्यास आम्ही आपल्या वेळेनुसार येऊ.
>
> आपले नम्र,
> ________

भाडे वेळेवर दिल्याचे वाक्य खरे असेल तरच ठेवावे. एखाद्या महिन्याचे भाडे उशिरा गेले असेल, तर मालकाला नेमका तोच महिना आठवतो. त्याचप्रमाणे "न ऐकल्यास आम्ही घर सोडू" असे वाक्य घालू नये. दुसरे घर हातात असेल, तर ते नंतर बोलता येते आणि हातात नसेल, तर ते वाक्य पोकळ असते.

तपासणी : जोडलेल्या सूची क्रमांक 2 च्या प्रतींवरील पक्षकारांची नावे झाकावीत. पत्रातील प्रत्येक आकडा प्रतींतील आकड्याशी पुन्हा जुळवून पाहावा. एका शून्याची चूकही सगळ्या तुलनेवर शंका आणते.

## टप्पा 7 : पत्र पोहोचवणे आणि उत्तरानंतरची पावले

पत्र ईमेलने पाठवावे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची पीडीएफ द्यावी. मालक वयस्क असतील किंवा कागदच पाहणारे असतील, तर छापील प्रत भेटून द्यावी. सोसायटीच्या ग्रुपवर हा विषय कधीही काढू नये. चारचौघांत आकडा मागे घेणे मालकाला अवघड जाते आणि खासगीत जे सहज मिळाले असते, तेही मिळत नाही.

मालक मधला आकडा सुचवतील, ही सर्वांत संभाव्य गोष्ट आहे. त्यांनी 29,000 म्हटले, तर थेट हो-नाही न म्हणता अन्य अटींकडे वळावे. 28,000 भाडे आणि अनामतीत 25,000 ची वाढ, किंवा 22 महिन्यांचा करार आणि दुसऱ्या 11 महिन्यांसाठी आताच ठरवलेली 5 टक्के वाढ, असे पर्याय मालकाला पटू शकतात. मात्र अनामत वाढवताना टप्पा 4 मधला व्याजाचा हिशेब विसरू नये; 25,000 रुपयांची जादा अनामत म्हणजे महिन्याला सुमारे 150 रुपयांची न दिसणारी भाडेवाढच असते.

मालकांनी स्वतःची उदाहरणे दिली, तर ती झटकून न टाकता त्याच पद्धतीने पातळीवर आणून त्यांना दाखवावीत. त्यांचे एखादे उदाहरण खरोखर चपखल असेल आणि तुल्य भाडे 29,000 निघत असेल, तर आपला पट्टा वर सरकला आहे हे मान्य करावे लागते. ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही, तर एकदा फोन करावा आणि त्याच आठवड्यापासून दुसरी घरे पाहायला लागावे. या काळात चालू भाडे पूर्ण आणि वेळेवर द्यावे. वाद आहे म्हणून भाडे रोखणे किंवा ते अनामतीतून वळते करून घ्या असे सांगणे, हे दोन्ही कराराचे उल्लंघन ठरू शकते.

सहमती झाली, की त्याच दिवशी भाडे, अनामत, मुदत आणि मेंटेनन्स कोणाकडे हे चार मुद्दे संदेशात लिहून मालकांचा होकार घ्यावा. त्यानंतर नवा करार 1 नोव्हेंबरपूर्वी नोंदवून घ्यावा. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. एजंट अनेकदा जुन्याच मसुद्यात नवे आकडे भरतो, त्यामुळे अंगठा देण्यापूर्वी भाडे, अनामत आणि भाडेवाढीचे कलम या तीन जागा स्वतः वाचून घ्याव्यात.